मूळव्याधीचं औषध घेण्याआधी डबी उलटी करा

मूळव्याधीचं औषध विकणाऱ्याला रोगाचीच साथ असते. कोंबात रक्त गोठून तो टणक, निळसर झाला की माणसाला धड बसवत नाही. पण ही कळ बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते. रक्त पडणंही असंच, चार दिवस पडतं आणि थांबतं. त्या काळात पोटात गेलेल्या चूर्णाला किंवा साबुदाण्यासारख्या गोळ्यांना सगळं श्रेय मिळून जातं. म्हणून ‘सात दिवसांत फरक’ हा दावा करायला कुणालाच भीती वाटत नाही. ‘मुळापासून बरी, ऑपरेशन नको’ हा दावा मात्र वेगळा. आत ढकलूनही न जाणारा कोंब गोळीने नाहीसा होतो, याला पुरावा मागायलाच हवा, आणि ओळखीच्या चार जणांचे अनुभव म्हणजे पुरावा नव्हे.

माझा जास्त संशय असतो तो पहिल्याच रात्री खाज आणि सूज गायब करणाऱ्या मलमावर. इतक्या झटपट काम करणाऱ्या औषधांत स्टेरॉइड येतं. लंडनच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९९९ साली ११ चिनी वनौषधी मलमं तपासली, तेव्हा आठांत डेक्सामेथासोन निघालं. ती मलमं इसबासारख्या त्वचारोगांसाठी दिलेली होती, मूळव्याधीसाठी नव्हे; पण युक्ती तीच.

स्टेरॉइड स्वतः खलनायक नाही. डॉक्टर मूळव्याधीला जी मलमं लिहून देतात त्यांपैकी काहींत ते असतंच, पण त्याचं नाव आणि प्रमाण नळीवर छापलेलं असतं आणि थोडेच दिवस लावायला सांगतात. लपवलेल्या स्टेरॉइडला अशी मुदत नसते. माणूस महिनोन्‌महिने लावत राहतो, तिथली नाजूक कातडी पातळ होते, बुरशीचा संसर्ग पसरतो, आणि मलम सोडलं की खाज दुप्पट जोराने उलटते. पोटात घेतलेलं असेल तर भूक वाढते, चेहरा गोल होतो, मधुमेह्याची साखर कारण नसताना चढते. अशा वेळी पुडी एकदम बंद करू नये. कित्येक आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीराचं स्वतःचं उत्पादन मंदावलेलं असतं. अचानक थांबलं तर गळाठा येतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. कसं कमी करायचं ते डॉक्टरच ठरवतील.

डोळ्यांनी किंवा वासाने स्टेरॉइड ओळखता येत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. दुकानात उभं राहून वाचता येतं ते लेबल. आयुर्वेदिक औषधावर ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द, घटकांची नावं आणि प्रमाण, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि तारखा हव्यात. होमिओपॅथीच्या बाटलीवर औषधाचं नाव आणि पोटन्सी हवी. ‘एस्क्युलस ३०’ लिहिलेलं असेल तर मूळ द्रव्य शंभरपट विरळ करण्याची क्रिया तीसदा झालेली असते, म्हणजे त्यात त्या झाडाचा एखादा रेणूसुद्धा उरण्याची शक्यता जवळजवळ नाही. तशा गोळीने तासाभरात सूज उतरली, तर गोळीत आणखी काय आहे हे विचारायला हवं.

डबीवर औषध परवान्याऐवजी फक्त चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक दिसला तर ते कायद्याने अन्न आहे, आणि अन्नाला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. जीएमपी, आयएसओ ही अक्षरं कारखान्याच्या कामपद्धतीबद्दल बोलतात, औषध लागू पडतं की नाही याबद्दल नाही. आणि हे सगळं सीलबंद डब्यांचं झालं. बिननावाची पुडी किंवा हाताने भरलेली डबी आली तर वाचायला काहीच नसतं. ती देणारा कितीही आदरणीय असो, मी घेणार नाही.

स्टेरॉइड नसलं म्हणजे माल शुद्ध, असंही नाही. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य विभागाने २०२४ साली एका व्हिएतनामी मूळव्याध मलमाबद्दल इशारा दिला. ते लावणारी सॅक्रामेंटोची एक स्त्री शिशाच्या विषबाधेने दगावली होती. तपासणीत मलमात चार टक्के शिसं निघालं. ते तिच्यासाठी नातेवाइकानेच व्हिएतनाममध्ये घेतलं होतं.

पुरावा असलेली गोष्ट कंटाळवाणी आणि स्वस्त आहे: ईसबगोलासारखा चोथा. त्यावरच्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा रक्तस्राव सुरू राहण्याची शक्यता जवळपास निम्मी झालेली दिसली. मात्र रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच, हे गृहीत धरू नका. चाळिशी उलटली असेल, वजन घटत असेल किंवा शौचाची सवय बदलली असेल तर कुठलंही औषध घेण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. आतड्याच्या कर्करोगातही रक्तच पडतं. संशयास्पद औषध घरात असेल तर ते फेकू नका. डबी, उरलेलं औषध आणि बिल घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या.