बाहेरगावचा रुग्ण आणि औषधाच्या बिलावरील कर

चिकित्सालयाला जोडून नोंदणीकृत औषधविक्री करणाऱ्या सभासदांकडून आमच्याकडे वारंवार एक पृच्छा येते. परराज्यातील रुग्णाला औषध दिल्यास बिलावर केंद्रीय व राज्य कर दाखवावा की एकात्मिक कर? या ठिकाणी आपण नोंदणी नसलेल्या ग्राहकाचा, म्हणजे सामान्य रुग्णाचाच विचार करू.

मूळ नियम सोपा आहे. विक्रेत्याचे स्थान आणि कायद्याने ठरणारे पुरवठ्याचे स्थान एकाच राज्यात असेल तर केंद्रीय व राज्य कर लागतो. ती भिन्न राज्यांत असतील तर एकात्मिक कर लागतो. अडचण पुरवठ्याचे स्थान ठरविताना येते. औषध जेथे हाती दिले तेच पुरवठ्याचे स्थान, असा अनेकांचा समज आहे. परंतु १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या बाबतीत बिलावर लिहिलेला पत्ता निर्णायक ठरतो. पत्ताच नसेल तर विक्रेत्याचे स्थान धरले जाते. पूर्ण पत्ता नसून केवळ राज्याचे नाव असले, तरी तो पत्ताच मानला जातो.

उदाहरण पाहू. बेळगावचा रुग्ण पुण्यातील वैद्यांकडून २,००० रुपयांचे औषध घेतो. आयुर्वेदीय औषधांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर आहे. बिलावर केवळ नाव असेल तर पुरवठा पुण्यातील ठरून केंद्रीय कर ५० व राज्य कर ५० रुपये होईल. मात्र बिलावर बेळगावचा पत्ता लिहिला, तर औषध पुण्यातच हातात दिले असले तरी १०० रुपये एकात्मिक कर लावावा लागेल. रुग्णपत्रकावरील पत्त्याचा येथे संबंध नाही. बिलावरील पत्ता पाहावयाचा.

आता बेळगावच्या मुलाने दूरध्वनीवरून सांगून आपल्या सांगलीच्या आईला औषध पाठविण्यास सांगितले, तर काय? जून २०२४ च्या परिपत्रकानुसार असे दोन पत्ते असतील, तेव्हा औषध पोहोचविण्याचा पत्ता पुरवठ्याचे स्थान म्हणून नोंदवावा. सांगली महाराष्ट्रात असल्याने येथे केंद्रीय व राज्य कर लागेल.

चूक बहुधा संगणकावर होते. रुग्णाचा जुना पत्ता बिलावर आपोआप उमटतो, पण राज्याच्या रकान्यात महाराष्ट्रच राहतो. म्हणून विवरणपत्र भरण्यापूर्वी परराज्याचा पत्ता असूनही राज्य कर लागलेली बिले शोधावीत. चुकीच्या खात्यात भरणा झालाच, तर योग्य कर पुन्हा भरावा लागतो. त्यावर व्याज नाही, आणि आधी भरलेल्या रकमेचा परतावा योग्य कर भरल्यापासून दोन वर्षांच्या आत मागता येतो. तोवर मात्र ती रक्कम अडकून राहते.