‘मॅडम, तुमचं नाव देऊ का?’

गेल्या पावसाळ्यात एका जुन्या सहकाऱ्याचा मेसेज आला. तीन वर्षांपूर्वी भोसरीच्या एका कारखान्यात आम्ही एकाच अकाउंट्स विभागात होतो. तो चौदा महिने माझ्या हाताखाली होता. आता नाशिकच्या एका कंपनीत अकाउंट्स मॅनेजरच्या जागेसाठी त्याची दुसरी फेरी झाली होती, आणि फॉर्मवर दोन रेफरन्स द्यायचे होते. ‘मॅडम, तुमचं नाव देऊ का? पाच मिनिटांचाच फोन असतो.’ खाली हात जोडल्याची खूण.

माझं बोट ‘हो’कडे गेलंच होतं. मुलगा गुणी होता. कधी उलटून बोलला नाही, व्हेंडर लोक त्याच्यावर खूश असत, पैशाच्या बाबतीत चोख. पण त्याला मिळणार होती ती जागा मॅनेजरची, आणि त्या कामाचा कणा म्हणजे तारखा. तिथे माझी गाडी अडली.

जीएसटीचं चक्र ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच कळेल. व्हेंडरांनी भरलेल्या बिलांचा तक्ता, म्हणजे जीएसटीआर-२बी, दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर तयार होतो. तो आपल्या खरेदीच्या नोंदींशी ताडून २० तारखेच्या आत ३बी भरायचा असतो. मध्ये सहा दिवस, त्यात एक रविवार. ही जुळवणी त्याच्याकडे होती. मेसेज आला त्या संध्याकाळी मी आठवून आठवून कागदावर मांडलं. चौदापैकी पाच महिन्यांत जुळवणी अर्धवट हातात आली, आणि १९ तारखेला रात्री बसून मी ती पुरी केली. दोनदा २० तारीख हुकली. उशिराचं शुल्क दिवसाला ५० रुपये, ते किरकोळच; पण थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज लागतं, आणि साहेबांपुढे मान खाली घालावी लागते ती वेगळीच.

आता फोनवर काय विचारतात ते सांगते, कारण सगळा पेच तिथेच आहे. किती काळ एकत्र काम केलंत, तो तुम्हाला रिपोर्ट करत होता का, काय काम होतं, हजेरी कशी, सचोटी कशी, सुधारायला हवं असं काय, नोकरी का सोडली. हे सगळं सरळ पार पडतं. मग शेवटी एक प्रश्न येतो: संधी मिळाली तर त्याला पुन्हा घ्याल का? इथे दोन सेकंदांचा थांबा गेला की पलीकडचा माणूस ऐकतो, आणि त्याचं पेन आधीच चाललेलं असतं. मी स्वतः माणसं घेताना असे फोन केले आहेत. ‘घेऊ की, हो, चांगला आहे’ आणि ‘आजच पाठवा, माझ्याकडे जागा आहे’ यांत काय फरक आहे, ते मला कुणी शिकवलेलं नाही, पण मी ऐकून ओळखते.

मी स्वतःला तोच प्रश्न विचारला. त्याला पुन्हा घेईन का? व्हेंडर सांभाळायला, हो, डोळे मिटून. महिनाअखेरीची जबाबदारी द्यायला, नाही. आणि नाशिकला हवं होतं ते दुसरंच.

पॉल ग्राइस नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९६७ साली हार्वर्डमध्ये व्याख्यानं दिली होती. त्यांतला एक भाग पुढे १९७५ मध्ये लेख म्हणून छापला गेला. माणसं जे बोलत नाहीत ते ऐकणाऱ्याला कसं कळतं, हा त्याचा विषय, आणि त्यात उदाहरण आहे ते नेमकं शिफारसपत्राचं. तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्याबद्दल त्याचा प्राध्यापक पत्र लिहितो: याचं इंग्रजी उत्तम आहे, वर्गाला तो नियमित येत असे. बस. त्यात खोटं काहीच नाही, वाईट काहीच नाही. पण वाचणाऱ्याला एका क्षणात कळतं की तत्त्वज्ञानात पोराचं काही खरं नाही. प्राध्यापकाला विद्यार्थी माहीत आहे, कशाबद्दल लिहायचं तेही माहीत आहे, आणि तरी तो तेवढंच सोडून बाकीचं लिहितो, म्हणजे कारण असणारच. मी नाशिकच्या फोनवर ‘स्वभावाने फार चांगला, व्हेंडरांशी छान वागतो’ एवढंच बोलले असते, तर मीही तेच पत्र तोंडाने वाचून दाखवलं असतं. आपल्याकडे याला हातचं राखून बोलणं म्हणतात. आपल्याला वाटतं आपण सांभाळून घेतलं; उमेदवाराच्या पदरात मात्र शंका पडते, आणि ती कुठून आली हे त्याला कधीच कळत नाही.

म्हणजे भिडेखातर दिलेला होकार त्याच्याच मुळावर येणार होता. त्याच्याकडे दोनच नावांची जागा होती. त्यातली एक मी अडवून बसले असते.

नाही म्हणायचं ठरलं, तरी कसं, यावर माझी संध्याकाळ गेली. आधी लिहिलं, ‘सध्या ऑडिट चालू आहे, जमेल असं वाटत नाही.’ पाठवण्याआधीच खोडलं. त्याचं उत्तर मला दिसत होतं: ‘पुढच्या आठवड्यात करतील ते फोन, चालेल ना मॅडम?’ वेळेची सबब दिली की समोरचा वेळ काढून देतो. मग लिहिलं, ‘कंपनीचं धोरण आहे.’ हे काही कंपन्यांत खरंच असतं. कामाच्या तारखा आणि हुद्दा एवढंच एचआर सांगतं, बाकी कुणी कंपनीच्या नावाने मत द्यायचं नाही. तसा नियम असेल तर तो जरूर सांगावा. पण माझ्याकडे नव्हता, आणि वर्षापूर्वी मी आमच्यातल्याच एका मुलीसाठी अर्धा तास फोनवर बोलले होते. ती दोघं अजून संपर्कात आहेत. तिसरं वाक्य सुचलं ते ‘बघते, सांगते.’ हे तर सगळ्यांत वाईट. आपल्याकडे ‘बघते’ हा नकार आहे असं सांगणारा समजतो आणि होकार आहे असं ऐकणारा. फॉर्मवर नाव जातं, फोन येतो, आणि मग पळवाट उरत नाही.

शेवटी गेलं ते असं:

‘दुसरी फेरी झाली हे वाचून बरं वाटलं. पण रेफरन्ससाठी माझं नाव देऊ नकोस. या जागेला जितका ठाम शब्द लागतो, तितका मला देता येणार नाही, आणि अर्धवट बोललेलं तुलाच महागात पडेल. खरेदीच्या साहेबांना विचारून बघ. व्हेंडरांचं सगळं काम त्यांनी रोज पाहिलं आहे. तारखा, हुद्दा यांचं व्हेरिफिकेशन एचआरकडून होईल, त्यात माझी काही अडचण नाही.’

यातलं शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, कारण बरेच जण रेफरन्स आणि व्हेरिफिकेशन यांत गोंधळ करतात. व्हेरिफिकेशन म्हणजे नोंदी तपासणं: रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र, पीएफच्या यूएएन खात्यावरचा नोकऱ्यांचा इतिहास. ते कुणाच्या मर्जीवर नसतं, आणि तिथे मी त्याला अडवूही शकत नाही. रेफरन्स म्हणजे मत, आणि मत मागितलं म्हणून द्यावंच लागतं असं नाही. हे दोन वेगळे असल्याचं सांगितल्यावर नकाराचं ओझं निम्मं उतरतं, दोघांच्याही मनावरचं.

खरेदीच्या साहेबांचं नाव मी उगीच सौजन्य म्हणून दिलं नव्हतं. त्यांच्या बाजूने तो खरोखर चांगला होता. एका व्हेंडरने माल अडवून धरला तेव्हा त्याने एका दुपारी फोनवरून तो सोडवला होता, हे ते अजून सांगतात. त्यांचा शब्द खरा आणि ठाम, दोन्ही झाला असता. पण नाव सुचवायच्या आधी मी त्यांना फोन करून विचारलं. न विचारता दुसऱ्याच्या गळ्यात घालणं म्हणजे भीड आपल्या दारातून शेजारच्या दारात लोटणं.

दहा मिनिटांनी उत्तर आलं, आणि ज्याची भीती होती तेच: ‘माझं काय चुकलं मॅडम?’

इथे दोन वाटा असतात. काही चुकलं नाही म्हणून विषय मिटवायचा, किंवा सगळा पाढा वाचायचा. पाच महिन्यांची यादी माझ्यापुढे कागदावर होती, मोह होत होता. पण ती चूक मी तेव्हा त्याच्यासमोर नीट मांडलीच नव्हती. रात्री बसून स्वतः पुरी करत गेले आणि मूल्यमापनाच्या फॉर्मवर ‘चांगले’ लिहिलं. तीन वर्षांनी मेसेजवर त्याचा हिशेब काढणं मला रास्त वाटलं नाही. मी एकच गोष्ट लिहिली: ‘२बी जुळवणी वेळेत होत नसे, आणि मॅनेजरच्या जागेसाठी तोच प्रश्न ते विचारतील. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.’ निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

एक वेगळा प्रकारही असतो, तो सोपा. ज्याला आपण नीट ओळखतच नाही, तो मागतो. बेंजामिन फ्रँकलिन १७७७ साली पॅरिसमध्ये अमेरिकेचे वकील म्हणून राहत होते, आणि अमेरिकेच्या सैन्यात जागा हवी असणारे इतके लोक त्यांच्याकडे शिफारशीसाठी येत, की वैतागून त्यांनी एक नमुना पत्रच रचलं: हे पत्र घेऊन येणाऱ्याचं मला नावसुद्धा ठाऊक नाही, त्याच्या गुणांची माहिती त्यालाच जास्त असणार, तेव्हा त्यालाच विचारा. असे लोक आजही येतात, एकदा एका प्रशिक्षणात शेजारी बसलेले. त्यांना ‘आपण एकत्र काम केलेलं नाही, त्यामुळे मला काही सांगता येणार नाही’ एवढं पुरतं, आणि ते दुखावतही नाहीत.

आणि कधी कधी न विचारताच नाव दिलेलं असतं. थेट फोन येतो. माझ्यावर एकदा ती वेळ आली. त्या अनोळखी आवाजाला मी म्हणाले की मी यासाठी होकार दिलेला नाही, त्यामुळे मत देणार नाही, कृपया उमेदवाराकडून दुसरं नाव घ्या. वाईट काही बोलले नाही. पण ठेवल्यावर लगेच त्या माणसाला कळवलं, कारण माझ्या न बोलण्याचाही तिथे काहीतरी अर्थ लागला असणार, आणि तो त्याला माहीत असायला हवा होता. वेळेत विचारलं असतं तर ही शंका उद्भवलीच नसती.

नाशिकचं पुढे काय झालं ते मला खरेदीच्या साहेबांकडून कळलं. त्यांना फोन आला होता, ते पंधरा मिनिटं बोलले. तारखांबद्दल विचारलं तेव्हा, ‘ते अकाउंट्सचं, मला माहीत नाही’ असं त्यांनी सरळ सांगितलं. तरी त्याला घेतलं. मॅनेजर म्हणून नाही, व्हेंडर पेमेंटचं काम बघायला.

दिवाळीला त्याचा मेसेज साहेबांना आला, आकाशकंदिलाचा फोटो लावून. मला नाही आला.