मॅकबुकवर कोणते गेम चालतात, आणि का?

सायबरपंक 2077 हा आजच्या सर्वांत जड गेमपैकी एक. पावसात भिजलेलं शहर, काचांवर पडणारी प्रतिबिंबं, रस्त्यावरची गर्दी. चांगल्या गेमिंग लॅपटॉपलाही तो घाम फोडतो. व्हॅलोरंट त्याच्या अगदी उलट. साध्या, जुन्या विंडोज संगणकावरही तो नीट चालतो, म्हणूनच कॉलेजमधल्या मुलांत तो इतका पसरला. ॲपलच्या स्वतःच्या चिपचा मॅकबुक घेतला, तर यातला जड गेम चालतो आणि हलका सुरूसुद्धा होत नाही. मॅकवर गेम चालतात का, या प्रश्नाचं उत्तर या कोड्यातच आहे.

बहुतेक मोठे गेम विंडोजसाठी लिहिले जातात, आणि लिहिताना तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरला समजणाऱ्या सूचना, विंडोजच्या सोयी, आणि चित्र काढण्यासाठी डायरेक्टएक्स ही मायक्रोसॉफ्टची व्यवस्था. नोव्हेंबर 2020 मध्ये एम1 चिप आली, तेव्हापासून नव्या मॅकमध्ये यातलं काहीच नाही. प्रोसेसर एआरएम घराण्यातला, प्रणाली मॅकओएस, आणि चित्रांसाठी ॲपलची मेटल. इंटेल चिपच्या जुन्या मॅकवर बूट कॅम्प वापरून थेट विंडोज टाकता येत असे. नव्या चिपवर ती सोय उरली नाही. त्यामुळे चिप कितीही वेगवान असली, तरी गेम तिच्यापर्यंत कुठल्या वाटेनं पोहोचतो यावर सगळं ठरतं.

सर्वांत चांगली वाट म्हणजे कंपनीनं गेम मॅकसाठी नव्यानं बांधून देणं. सायबरपंक विंडोजवर डिसेंबर 2020 मध्ये आला आणि मॅकवर जुलै 2025 मध्ये. त्यासाठी किमान एम1 चिप आणि 16 जीबी मेमरी लागते. गेम सफाईनं चालावा म्हणून कंपनी एम3 प्रो आणि 18 जीबी सुचवते. किमान आणि सुचवलेल्या यंत्रांतलं हे अंतर खरेदीआधी नीट समजून घ्यायला हवं.

हालचाल गुळगुळीत दिसण्यासाठी सेकंदाला साठ चित्रं लागतात, म्हणजे एका चित्रासाठी चिपला साधारण सतरा मिलिसेकंद मिळतात. 13 इंची मॅकबुक एअरच्या पडद्यावर 2560 गुणिले 1664, म्हणजे सुमारे 43 लाख बिंदू आहेत. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर ते 21 लाखांच्या आसपास असतात. एअरवर पूर्ण बारकाव्यानं गेम लावला, तर तेवढ्याच वेळात दुप्पट बिंदू रंगवावे लागतात आणि साध्या एम चिपला ते झेपत नाही. म्हणून गेममध्ये बारकावा कमी ठेवायचा आणि मेटलएफएक्स सुरू करायचं. त्यात चिप लहान चित्र काढते आणि ते हुशारीनं मोठं करून दाखवते. असं केलं तर साध्या चिपवरही खेळण्याजोगा वेग मिळतो. प्रो आणि मॅक्स चिपवर चित्राची गुणवत्ता बरीच वर नेता येते.

आणखी दोन मर्यादा आहेत. मॅकमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकच मेमरी वाटून घेतात. गेमिंग लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी वेगळी असते. इथे 16 जीबीतच प्रणाली, गेम आणि त्यातली चित्रं मावावी लागतात. ही मेमरी नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे 8 जीबीचा जुना मॅक स्वस्तात मिळाला तरी मोठ्या गेमसाठी तो घेऊ नये. दुसरी मर्यादा उष्णतेची. एअरमध्ये पंखा नाही. पहिली काही मिनिटं गेम छान पळतो, मग चिप तापते आणि स्वतःला आवरते. पाच मिनिटांच्या चाचणीचे व्हिडिओ पाहून एअरबद्दल मत बनवलं, तर फसगत होते ती इथेच. प्रो मॉडेलमध्ये पंखा असतो आणि वेग टिकतो. तोही चार्जर काढल्यावर फारसा न घसरता. हे बहुतेक गेमिंग लॅपटॉपना जमत नाही.

दुसरी वाट दुभाष्याची. विंडोजसाठी लिहिलेला गेम तसाच घ्यायचा आणि चालता चालता त्याचं भाषांतर करायचं. प्रोसेसरच्या सूचना रोझेटा बदलून देतं, विंडोजच्या मागण्या वाइन सांभाळतं, आणि डायरेक्टएक्सचं मेटलमध्ये रूपांतर करणारी साधनं ॲपलनं 2023 मध्ये गेम बनवणाऱ्यांसाठी आणली. क्रॉसओव्हर या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं एकत्र मिळतं. एकट्यानं खेळायचे कितीतरी गेम असे चालतात, पण या प्रत्येक टप्प्यावर थोडा वेग खर्च होतो. नव्या जागी पोहोचल्यावर किंवा पहिला स्फोट होताना क्षणभर अडखळल्यासारखं झालं, तर त्या दृश्याचे ग्राफिक्सचे तुकडे तिथल्या तिथे तयार होत असतात. पुन्हा त्याच जागी गेल्यावर ते बहुधा जाणवत नाही. मात्र गेमचा एखादा अपडेट आला आणि काल चालणारा गेम आज उघडेना, हेही या वाटेवर घडतं. शिवाय रोझेटा पूर्ण स्वरूपात मॅकओएस 27 पर्यंतच राहील, त्यानंतर काही जुन्या गेमपुरता त्याचा भाग ठेवू, असं ॲपलनं 2025 मध्ये जाहीर केलं आहे. या वाटेच्या भरवशावर पाच वर्षांचा बेत करू नये.

व्हॅलोरंटला यातली एकही वाट नाही. मॅकसाठी तो बांधलेलाच नाही. आणि फसवणूक पकडणारी त्याची व्हॅनगार्ड ही पहारेकरी यंत्रणा विंडोजच्या अगदी गाभ्यात शिरून बसते. दुभाष्याकडे विंडोजचा खरा गाभा नसतोच, त्यामुळे ती यंत्रणा गेम सुरू होऊ देत नाही. चिप दहापट वेगवान झाली तरी हे बदलणार नाही. ऑनलाइन स्पर्धेचे अनेक मोठे गेम याच कारणानं बंद आहेत. काउंटर-स्ट्राइकची कथा वेगळी. जुना गेम मॅकवर होता, पण 2023 मध्ये दुसरी आवृत्ती काढताना मॅकवरचे खेळाडू फार थोडे आहेत, असं सांगून कंपनीनं मॅक सोडला. डोटा 2 आणि लीग ऑफ लेजेंड्स मात्र मॅकवर खेळता येतात.

म्हणून खरेदीआधी आपण खरोखर खेळतो त्या गेमची यादी करावी आणि प्रत्येकाची वाट तपासावी. स्टीमवर गेमच्या नावाशी ॲपलचं चिन्ह असलं तरी तेवढ्यावर थांबू नये. गेम जुन्या इंटेल मॅकसाठीचा असू शकतो, आणि 32-बिट असेल तर 2019 नंतरच्या मॅकओएसवर तो उघडणारच नाही. गेम मित्राच्या मॅकवर सुरू करून Activity Monitor मध्ये Kind हा रकाना पाहावा. तिथे Apple असेल तर तो नव्या चिपसाठी बांधलेला आहे, Intel असेल तर रोझेटातून चालतो आहे. वेग पाहायचा तर टर्मिनलमध्ये ही आज्ञा द्यावी आणि गेम पुन्हा उघडावा:

```
/bin/launchctl setenv MTL_HUD_ENABLED 1
```

पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं निघतात ते दिसू लागतं. अर्धा तास खेळून तो आकडा पाहावा. क्रॉसओव्हरवर अवलंबून राहायचं असेल, तर चाचणीची मोफत मुदत वापरून आपलाच गेम त्यात चालवून बघावा.

बाल्डर्स गेट 3, सायबरपंक, रेसिडेंट इव्हिल असे एकट्यानं, कथेसाठी खेळायचे गेम यादीत असतील आणि मॅक मुळात कामासाठी हवा असेल, तर 16 जीबीचा पंखा असलेला मॅक निःशंक घ्यावा. मित्रांबरोबर रोज संध्याकाळी व्हॅलोरंट खेळायचा असेल, तर त्याच पैशांत, किंवा बरेच पैसे वाचवून, विंडोजचा लॅपटॉप घेणंच शहाणपणाचं.