केबल लावली, तरी डेस्कटॉप रेंगाळतोच

आर्णीच्या बाजारपेठेतलं एखादं सेवा केंद्र डोळ्यांसमोर आणा. जुलै महिना आहे, पीक विम्याच्या अर्जांची घाई आहे. फायबरचं कनेक्शन २०० एमबीपीएसचं. केंद्रचालकाने मोबाइलवर वायफायने वेग मोजला, तर आकडा १८० च्या आसपास येतो. राऊटरला थेट केबलने जोडलेल्या डेस्कटॉपवर मात्र तो ७ येतो. मागे विंडोजचं अपडेट सुरू झालं की पुढे अर्जाचं पान उघडायलाही तयार नसतं. मग कंपनीकडे तक्रार जाते. माणूस येतो, मोबाइलवर वेग दाखवतो आणि निघून जातो. त्याचं काही चुकत नाही. मोबाइलला १८० मिळतात, याचाच अर्थ राऊटरपर्यंतची लाइन ठणठणीत आहे. अडचण राऊटर आणि डेस्कटॉप यांच्यामधल्या दोन-तीन मीटरमध्ये आहे, आणि ती नेमकी कुठे आहे हे बहुतेक वेळा वेगाचा आकडाच सांगतो.

आधी ९४ चा आकडा घेऊ. अनेक डेस्कटॉपवर कितीही वेळा मोजलं तरी वेग ९४-९५ च्या वर जात नाही. तिथे पोर्ट आणि राऊटर यांचं १०० एमबीपीएसवर जमलेलं असतं. केबलवरून माहिती तुकड्या-तुकड्यांनी जाते. पूर्ण भरलेला एक तुकडा आणि त्यामागची सक्तीची मोकळी जागा मिळून १५३८ बाइटची वेळ खर्च होते. त्यात आपली खरी माहिती जास्तीत जास्त १४६० बाइट. बाकी पत्ते आणि तपासणीचे आकडे. म्हणून शंभरातले ९५ च हाती लागतात. कनेक्शन २०० चं असताना असा ९४ दिसला, की कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही.

पण गिगाबिटचं पोर्ट शंभरावर का उतरतं? लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या लागतात: १ आणि २ क्रमांकाची एक, ३ आणि ६ ची दुसरी. १९९९ मध्ये तांब्याच्या केबलवरच्या गिगाबिटचं मानक आलं, ते मात्र चारही जोड्या वापरतं. केबल लावताच दोन्ही टोकं आपापली कुवत एकमेकांना कळवतात, आणि ही बोलणी जुन्या दोन जोड्यांवरूनच होतात. त्यामुळे ४, ५, ७ किंवा ८ क्रमांकाची पिन दबलेली असली तरी बोलणी सुरळीत पार पडतात, ‘गिगाबिट’ ठरतंही, पण प्रत्यक्ष सुरुवात करताना चौथी जोडी सापडत नाही. बऱ्याच चिप अशा वेळी मुकाट्याने १०० वर उतरतात. काही मात्र पुन्हा पुन्हा जोडणी करून तोडत राहतात, आणि कामाला तेच जास्त जाचक, कारण अर्ज अर्ध्यात असतानाच नेट जातं.

हे ओळखायला विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून एवढी एक ओळ पुरते:

```
Get-NetAdapter | Select-Object InterfaceDescription, LinkSpeed
```

`LinkSpeed` खाली `1 Gbps` हवं असताना `100 Mbps` दिसलं, तर आधी नाव वाचा. नावात `FE` असेल, उदाहरणार्थ `Realtek PCIe FE Family Controller`, तर ते पोर्ट जन्मतःच शंभराचं आहे, बिघडलेलं नाही. `GbE` असेल तर मात्र शोध घ्यायला हवा. त्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी केबल, कारण स्वस्तातल्या काही केबलींमध्ये आठऐवजी चारच तारा असतात. मग राऊटरचं पोर्ट. काही राऊटरची सगळीच पोर्टं शंभराची असतात. तीच केबल गिगाबिटच्या लॅपटॉपला लावल्यावर `1 Gbps` आलं, तर केबल आणि राऊटर दोन्ही सुटले. आता अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये `Speed & Duplex` हे `Auto Negotiation` वर आहे ना, ते पाहायचं. तेही ठीक असेल तर संगणक बंद करून पोर्टात बॅटरीचा उजेड टाका. आठ सोनेरी पिना एका पातळीत दिसायला हव्यात. एखादी खाली बसलेली किंवा हिरवट-काळी पडलेली असेल, तर चोर सापडला. पिना चांगल्या असून फरक पडत नसेल, तर आतली चिप गेलेली असू शकते.

आपल्या जिल्ह्यात चिप जाण्याचं एक ओळखीचं कारण म्हणजे वळवाच्या पावसातल्या विजा. फायबर काचेचं असल्यामुळे त्यातून विजेचा झटका येत नाही. पण फायबरचा डबा आणि राऊटर विजेच्या बोर्डाला जोडलेले असतात, आणि तिथून लॅन केबलच्या तांब्यातून झटका संगणकाच्या पोर्टापर्यंत पोहोचू शकतो. पोर्टातला छोटा ट्रान्सफॉर्मर १५०० व्होल्टपर्यंतचा फरक सोसण्यासाठी बनवलेला असतो. विजेचा झटका त्याच्या कितीतरी पुढे जातो. कधी पोर्ट पूर्ण मरतं, कधी एखादीच जोडी. म्हणून आकाश गडगडू लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही. राऊटरचा प्लग आणि संगणकातली लॅन केबल दोन्ही काढून ठेवायला हवीत.

आर्णीच्या केंद्रातला ७ चा आकडा इथूनच आलेला. पोर्ट गेल्यावर दुरुस्तीवाल्याने ड्रॉवरमधला जुना यूएसबी लॅन अडॅप्टर लावून दिला. तात्पुरती सोय म्हणून ते योग्यच होतं, पण सोय कायम झाली. फसवणारी गोष्ट अशी, की या अडॅप्टरसाठी `LinkSpeed` खाली `100 Mbps` दिसतं, आणि ते खोटंही नसतं. तो आकडा अडॅप्टर आणि राऊटर यांच्यामधल्या केबलचा आहे. अडॅप्टर आणि संगणक यांच्यामधला रस्ता वेगळा, त्याबद्दल तो काहीच सांगत नाही. जिनिंगच्या फाटकातून कापसाच्या गाड्या कितीही भरभर आत आल्या, तरी वजनकाटा एकच असेल तर माल काट्याच्याच वेगाने पुढे सरकणार.

जुन्या अडॅप्टरमधला काटा म्हणजे यूएसबी १.१. त्याचा कागदावरचा वेग १२ एमबीपीएस. पण दर मिलिसेकंदाला त्यातून ६४ बाइटची जास्तीत जास्त १९ पाकिटं जातात. म्हणजे १२१६ बाइट, म्हणजे सेकंदाला ९.७ मेगाबिट. त्यातून पत्त्यांचा खर्च वजा जातो, आणि येणारी-जाणारी माहिती हाच एक रस्ता वाटून घेते. उरतात ७ ते ९. हा अडॅप्टर निळ्या यूएसबी ३.० पोर्टात लावला तरी वेग वाढत नाही, कारण मर्यादा अडॅप्टरच्या चिपमध्ये आहे. लिनक्सवर `lsusb -t` ही आज्ञा दिली, की त्याच्यापुढे `12M` असं स्पष्ट लिहून येतं. यूएसबी २.० असेल तर `480M`, ३.० असेल तर `5000M`.

उपाय सोपा आहे. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर छोटा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट मोकळा असेल, तर गिगाबिटचं लॅन कार्ड बसवणं सगळ्यात चांगलं. त्यात यूएसबीचा मधला टप्पाच राहत नाही. स्लॉट नसेल तर यूएसबी ३.० चा गिगाबिट अडॅप्टर निळ्या पोर्टात लावावा. संगणक जुना असून फक्त यूएसबी २.० असेल, तरी असा अडॅप्टर ३०० एमबीपीएसच्या आसपास देतो, म्हणजे २०० च्या कनेक्शनला पुरून उरतो. अडॅप्टर घेताना खोक्यावर ‘गिगाबिट’ आणि ‘यूएसबी ३.०’ हे दोन्ही शब्द पाहायचे, कारण नुसतं ‘१०/१००’ लिहिलेल्या खोक्यात तोच जुना १२ एमबीपीएसचा काटा असू शकतो.

९४ वर अडकलेल्या डेस्कटॉपवर अर्ज भरणं, दाखले काढणं यात अडायला नको. त्यासाठी घाईने खर्च करायची गरज नाही. ७ चा आकडा किंवा सारखं तुटणारं पोर्ट मात्र हंगामाआधी बदलावं. आणि बदलल्यानंतर वेग १८०-१९० दिसत असूनही शेवटच्या तारखेला विम्याचं संकेतस्थळ अडखळत असेल, तर तेच पान मोबाइलच्या स्वतःच्या डेटावर उघडून पाहा. तिथेही ते अडखळलं, तर गर्दी बहुधा पलीकडच्या सर्व्हरवर आहे; आपल्या पोर्टाचा किंवा केबलचा त्यात काही भाग नाही.