गाडी विका, बोनस विकू नका

मुर्रीसारख्या गोंदियाला लागून असलेल्या गावात जुनी गाडी विकण्याचा व्यवहार बहुधा ओळखीतच होतो. घेणारा म्हणतो, "इन्शुरन्स चालू आहे ना? मग तोही राहू द्या." विकणारा पॉलिसीचा कागद आरसीसोबत देऊन मोकळा होतो. पण त्या कागदावर 'नो क्लेम बोनस' नावाची एक ओळ असते आणि ती गाडीची नसून मालकाची असते. ही एक गोष्ट कळली की बाकीचे नियम आपोआप समजतात.

गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने हा सक्तीचा आहे. दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्याला कागदावर 'ओन डॅमेज' किंवा ओडी म्हणतात. बोनसची सूट फक्त या दुसऱ्या भागाच्या हप्त्यावर मिळते. आपल्यातली बरीच कुटुंबे विम्याबद्दलच्या शंकेमुळे कायद्यापुरता थर्ड पार्टीच घेतात. त्यांच्या पॉलिसीत हा बोनस नसतो, हे एकदा समजून घेतलेले बरे.

ओडीवर क्लेम न घेता एक वर्ष गेले की 20 टक्के सूट मिळते. दोन वर्षांनी 25, तीन वर्षांनी 35, चार वर्षांनी 45 आणि पाच वर्षांनी 50 टक्के. पुढे ती 50 वरच थांबते. मध्ये ओडीचा एक क्लेम घेतला की साधारणपणे पुढच्या वर्षी शून्यापासून सुरुवात.

आता समजा, मुर्रीतल्या सलीमभाईंनी सहा वर्षे जुनी गाडी चालवली आणि एकही क्लेम घेतला नाही. ओडीचा हप्ता 6,000 रुपये असेल तर ते 3,000 भरतात. त्यांना नवी गाडी घ्यायची आहे आणि तिचा ओडी हप्ता 16,000 आहे. तोच 50 टक्के बोनस तिथे लागला तर 8,000 रुपये वाचतात. जुन्या गाडीवर 3,000 वाचवणारा बोनस नव्या, महाग गाडीवर जास्त कामाचा ठरतो. म्हणूनच तो जपायचा.

तो आपोआप मात्र येत नाही. गाडी विकल्यावर नावबदलीचे कागद, म्हणजे फॉर्म 29 व 30 आणि नव्या मालकाच्या नावाची आरसी, आपल्या विमा कंपनीला द्यावे आणि बोनस राखून ठेवल्याचे पत्र मागावे. हे पत्र तीन वर्षे चालते. सलीमभाईंनी लगेच गाडी घेतली नाही तरी या मुदतीत घेतली तर बोनस लागू होतो. अट एवढीच की वाहन त्याच प्रकारचे हवे. खाजगी कारचा बोनस मोटारसायकलवर किंवा मालवाहू गाडीवर जात नाही. शोरूमवाल्याने विमा काढताना ही चौकशी केली नाही तर आपणच पत्र पुढे करावे, पैसे भरल्यानंतर नव्हे, आधी.

सलीमभाईंचा बोनस गाडी घेणाऱ्याला मिळत नाही. पॉलिसी त्याच्या नावावर करताना कंपनी उरलेल्या मुदतीच्या सुटीची रक्कम त्याच्याकडून वसूल करते. ओडीचा भाग त्याने स्वतःच्या नावावर करून घ्यायला हवा, नाहीतर अपघातानंतर क्लेमच्या वेळी तो अडचणीत येईल. मालकाचे निधन झाले आणि गाडी पती, पत्नी, मुले किंवा आईवडिलांकडे गेली, तर मात्र बोनस त्यांच्याकडे जाऊ शकतो. वारसाच्या कागदपत्रांत हीही विचारणा करावी.

कंपनी बदलली तरी बोनस राहतो. मागच्या कंपनीची नूतनीकरणाची नोटीस किंवा बोनसचे पत्र द्यावे. तो कागद नसेल तर नवी कंपनी आपल्या लेखी निवेदनावर सूट देते आणि जुन्या कंपनीला विचारून खात्री करते. कमी हप्ता दाखवण्यासाठी काही एजंट, "लिहून टाका, कोण बघतो?" म्हणतात. घेतलेला क्लेम लपवून सही केली आणि मागून उघड झाले, तर ओडी भागाचा लाभच जप्त होतो. ते कळते नेमके गाडी गॅरेजमध्ये पडलेली असताना. खोट्या सहीचा हिशेब तर वेगळाच द्यावा लागतो.

आणि मुदत बघा. पॉलिसी संपल्यापासून 90 दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर पाच वर्षांचा 50 टक्केही शून्य होतो. गाडी अंगणात उभी आहे, नंतर बघू, असे म्हणत लोक हे दिवस घालवतात. शिवाय मुदत संपल्यावर कंपनी गाडीची पाहणी करूनच ओडी देते. त्यासाठी दोन-चार दिवस हाताशी ठेवूनच अर्ज करावा.