कफमधला दाब आणि दोन पानांचा अर्ज

परदेशातल्या एखाद्या विद्यापीठात क्रिटिकल केअर नर्सिंगची पदव्युत्तर पदवी करायची, तर गुणपत्रिका, नोंदणीचा दाखला आणि अनुभवाची पत्रं यांच्यासोबत बहुतेक ठिकाणी एक निवेदनही द्यावं लागतं. त्याला स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणतात, बोलताना नुसतं एसओपी. आपण काय केलं, काय शिकायचं आहे आणि ते इथेच का, हे पान-दोन पानांत सांगायचं असतं. भारतात एम.एस्सी. नर्सिंगचे प्रवेश मुख्यतः प्रवेश परीक्षेवर होत असल्यामुळे आपल्याकडच्या सिस्टरना असं काही लिहिण्याची सवय नसते. आठ तासांची ड्युटी आणि त्यानंतरचं हॅन्डओव्हर सहज निभावणारी सिस्टर या कोऱ्या कागदापुढे अडते.

उदाहरणादाखल अशी एक सिस्टर डोळ्यांसमोर आणू. जीएनएम करून पुढे पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलेली, जिल्ह्याच्या गावात दहा खाटांच्या आयसीयूत पाच वर्षं काम करणारी. तिच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात होते ती लहानपणापासूनच्या सेवेच्या आवडीपासून. मग कोविडच्या काळातले कष्ट येतात, मग व्हेंटिलेटर, मॉनिटर, इन्फ्युजन पंप अशी हाताळलेल्या यंत्रांची यादी. यातलं काहीच खोटं नाही. पण प्रवेश समितीपुढच्या ढिगातल्या बहुतेक अर्जांत हेच असतं, आणि ही सिस्टर विचार कसा करते हे त्यातून कळत नाही.

दुसऱ्या मसुद्याच्या वेळी ती कागद बाजूला ठेवते आणि ड्युटीवरच्या मैत्रिणीला मराठीतच सांगू लागते: “आपल्या वॉर्डात मला खटकत आलंय ते एकच. कफचा दाब आपण बोटांनी बघतो.”

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या श्वासनलिकेत ट्यूब घातलेली असते. तिच्या खालच्या टोकाजवळ हवेने फुगणारा छोटा कफ असतो. ट्यूब आणि श्वासनलिका यांच्यातली फट तो बंद करतो. कफमधला दाब साधारण 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका असावा लागतो. कमी पडला, तर तोंडातला आणि घशातला स्राव कफच्या कडेने खाली झिरपतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. जास्त झाला, तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो, तिथे जखम होते आणि पुढे नलिका अरुंदही होऊ शकते. कफला जोडलेला एक बारीक पायलट बलून ट्यूबच्या बाहेर असतो. तो चिमटीत धरून ‘ठीक लागतोय’ म्हणायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, पण बोटांच्या या अंदाजावर भरवसा ठेवता येत नाही. अनुभवी हातसुद्धा चुकतात. मोजायला मॅनोमीटर लागतो. आपल्या या सिस्टरच्या वॉर्डात तो होता, पण कपाटात.

तिने इन्चार्ज सिस्टर आणि डॉक्टरांची परवानगी घेतली. सात दिवस प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला, व्हेंटिलेटरवरच्या दोन रुग्णांचा कफ मोजायचा असं ठरलं. तिची ड्युटी नसे तेव्हा सहकारी मोजत. दाब मर्यादेबाहेर दिसला की आधी नोंद करायची आणि लगेच तो दुरुस्त करायचा. आठवड्याअखेर 42 नोंदी जमल्या. त्यांतल्या 23 मर्यादेत होत्या, 14 जास्त आणि 5 कमी. जास्त दाबाच्या 14 पैकी 9 नोंदी रात्रपाळीच्या सुरुवातीच्या होत्या.

एसओपीचा गाभा इथे सापडतो. पण नेमक्या याच जागी बरेच अर्ज घसरतात, कारण पुढचं वाक्य मोहात पाडणारं असतं: ‘माझ्या उपक्रमामुळे वॉर्डातला संसर्ग कमी झाला.’ सात दिवसांच्या 42 नोंदींवरून तसं म्हणता येत नाही. कफचा दाब काटेकोर राखल्याने न्यूमोनिया खरोखर किती टळतो, याबाबत मोठ्या अभ्यासांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. समितीत या विषयातला कुणी असेल, तर तो त्या वाक्यावर थांबेल आणि बाकीच्या अर्जाकडेही संशयाने पाहील.

म्हणून तिने लिहिलं ते असं: नोंदी थोड्या आहेत, मोजणारे हात वेगवेगळे आहेत आणि मॅनोमीटर जोडतानाच थोडी हवा निसटते. रात्रपाळीच्या सुरुवातीला दाब जास्त का, हे ठाऊक नाही. संध्याकाळी सीटी स्कॅनला नेऊन आणताना फरक पडत असेल, किंवा गळतीचा आवाज आला की हॅन्डओव्हरच्या घाईत कुणी ‘असू दे थोडी जास्त’ म्हणून हवा भरत असेल. हे शोधायचं कसं, किती रुग्ण लागतील, आकडे तपासायचे कसे आणि उत्तर मिळाल्यावर तिन्ही शिफ्टची सवय बदलायची कशी, हे आपल्याला येत नाही आणि तेच शिकायचं आहे. मला वाटतं, अख्ख्या अर्जातला सर्वांत वजनदार भाग हाच आहे. काय येत नाही हे इतकं नेमकं सांगायला काम जवळून पाहिलेलं असावं लागतं.

‘हाच अभ्यासक्रम का’ याचं उत्तरही मग विद्यापीठाच्या कौतुकात शोधावं लागत नाही. ती अभ्यासक्रमाची विषयसूची उघडते, संशोधन पद्धती आणि प्रगत रुग्णतपासणी हे विषय शोधते आणि आपल्या प्रश्नाचा कोणता तुकडा कुठे सुटेल ते लिहिते. विषयसूचीत संशोधनाला फारशी जागाच नसेल, तर अर्ज दुसरीकडे करावा हेही तिथेच कळतं. भारतातही हा फरक आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम मुख्यतः आयसीयूत काम करत शिकवतो. त्यासाठी बी.एस्सी. नर्सिंगनंतर किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. तिथे मुलाखत असेल, तर हीच गोष्ट वेगळ्या बाजूने सांगावी लागेल: खाटेशेजारी उभं राहून निर्णय घेताना आपण कुठे अडतो, या बाजूने.

काही गोष्टी थोडक्यात आटपाव्यात. वडिलांच्या आजारपणामुळे चौदा महिने नोकरी सुटली असेल, तर एक वाक्य पुरे. रुग्णाचं नाव, खाट क्रमांक, तारीख, ओळख पटेल असा कोणताही तपशील येता कामा नये. आपल्या रुग्णालयाची तक्रारही नको. ‘मॅनोमीटर कपाटात पडून होता’ याऐवजी ‘मोजण्याची ठरलेली पद्धत नव्हती’ एवढं पुरतं, आणि ते खरंही आहे. आणखी एक गोंधळ वारंवार दिसतो. ब्रिटनमधली पदव्युत्तर पदवी म्हणजे तिथे नर्स म्हणून काम करण्याची नोंदणी नव्हे. तिची प्रक्रिया वेगळी आहे, परीक्षाही वेगळ्या. पदवी मिळताच तिथल्या आयसीयूत रुजू होईन असं सरळ लिहिणाऱ्या अर्जदाराने चौकशी केलेली नाही, हे लगेच लक्षात येतं.

शेवटच्या परिच्छेदात पुढच्या पाच वर्षांचं चित्र मागतात. पहिल्या मसुद्यात तिथे ‘आरोग्यक्षेत्रात मोलाचं योगदान’ असं होतं. आता तिथे दहा खाटांचा तोच वॉर्ड आहे, प्रत्येक शिफ्टच्या चार्टवर कफच्या दाबाचा एक रकाना आहे आणि नव्या सिस्टरना मॅनोमीटर कसा जोडायचा हे शिकवण्यासाठी ठेवलेली पंधरा मिनिटं आहेत.