तपकिरी पानांचं झाड

चित्रात खोड हिरवं आणि पानं तपकिरी दिसली, की मुलाला ‘लक्ष कुठंय?’ असं विचारलं जातं. लाल-हिरव्यातला फरक कमी दिसणाऱ्या मुलाला हे दोन खडू जवळपास सारखेच भासतात. खडूवरचा कागद फाटला, की नावही जातं. म्हणून प्रत्येक खडूला नावाची चिकटपट्टी लावावी आणि पेटीतली जागा ठरवून द्यावी. जांभळा-निळाही असाच फसवतो.

‘लाल गोल मोजा’ अशा कृतीत लाल गोलांवर रेघा, हिरव्यांवर ठिपके काढावेत. फलकाचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून पाहावा. त्यात जे रंग एकसारखे करडे दिसतात, तिथे घोळ होण्याची शक्यता जास्त. मात्र ही केवळ ढोबळ चाचणी, निदान नेत्रतज्ज्ञांकडूनच. आणि तपकिरी पानांचे गुण कापू नयेत.